आवाज वीसच्या वर जात नाही? टीव्ही वणीला नेण्याआधी हे पहा

मुकुटबनात टीव्ही बिघडला की आपल्यापुढे दोनच वाटा असतात. ओळखीच्या मेकॅनिकची वाट पाहायची, नाहीतर टीव्ही चादरीत गुंडाळून वणीला न्यायचा. दोन्हींत पैसे जातात, आणि चार-आठ दिवस घरात टीव्ही नसतो ते वेगळंच. पण आवाजाच्या दोन तक्रारी अशा आहेत की त्यांत बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. पहिली म्हणजे, आवाज एका आकड्यावर अडकतो, कितीही दाबलं तरी वर जात नाही. दुसरी म्हणजे, आवाज एकाच बाजूने येतो. आतल्या कुठल्यातरी सेटिंगचा एक आकडा बदललेला असतो, एवढंच. तो आकडा कुठे असतो आणि तोच दोषी आहे हे कसं ओळखायचं, ते मी जमेल तेवढं सविस्तर सांगतो. आपल्या गावात या कारणासाठी धडधाकट टीव्ही भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पलीकडच्या गल्लीतल्या काकाजींच्या टीव्हीपासून सुरुवात करतो. कापसाचे पैसे आल्यावर त्यांनी बत्तीस इंची जुना टीव्ही घेतला. चित्र छान, काच स्वच्छ, किंमत कमी. घरी आणून लावला तर आवाज अगदी बारीक. पंखा चालू असला की बातम्या देणारी बाई काय म्हणते ते कळेना. दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, आवाज वाढतच नाही ना बाप्पा. मेकॅनिक म्हणतो बोर्ड गेला, बदलावा लागते."

मी त्यांना विचारलं, "काकाजी, आवाज वाढवताना पडद्यावर पट्टी येते, तिच्यात आकडा किती दिसतो?"

"वीस. वीसच्या पुढं जातच नाही."

या एका आकड्याने अर्धं काम झालं. तुम्हीही पहिली गोष्ट हीच पहा. आवाजाचं बटण दाबून धरा आणि पट्टीकडे नीट लक्ष द्या. पट्टी शंभरापर्यंत गेली आणि तरीही आवाज बारीक असेल, तर ती गोष्ट वेगळी, तिच्याकडे मी पुढे येतो. पण पट्टी वीस, पंचवीस, तीस अशा एखाद्या आकड्यावर ठाम थांबत असेल, तर तो बिघाड नाही. स्पीकर फाटला किंवा बोर्डावरचा आवाजाचा भाग जळला, तरी पट्टी शंभरापर्यंत जातेच, कारण पट्टी म्हणजे फक्त आकडा मोजणारा प्रोग्राम. तिला स्पीकरची खबर नसते. ती अधेमध्ये थांबते तेव्हा तिला कोणीतरी तिथे थांबायला सांगितलेलं असतं.

कोणी सांगितलं असेल? काकाजींच्या टीव्हीच्या मागे एका लॉजच्या खोलीचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी अजून होती. तिथेच उलगडा झाला. लॉज, हॉटेल, दवाखाना अशा ठिकाणी भिंतीपलीकडच्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज ठराविक आकड्यावर बांधून ठेवतात. त्यासाठी टीव्हीत एक वेगळा छुपा मेनू असतो. त्याला हॉटेल मोड म्हणतात. आवाजाची वरची मर्यादा किती, टीव्ही चालू होताना आवाज किती असावा, कोणतं चॅनल लागावं, पाहुण्याला मेनू उघडता यावा की नाही, टीव्हीवरची बटणं चालावीत की नाही, हे सगळं त्यात ठरवता येतं. लॉजवाले टीव्ही बदलतात तेव्हा जुने टीव्ही विकले जातात, पण विकताना हे कुलूप काढायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. विकणाऱ्यालाही बहुधा ते माहीत नसतं. म्हणून त्याला लबाड म्हणण्याची घाई करू नका.

आवाजाची मर्यादा एकटी येत नाही, तिच्याबरोबर इतर खुणा येतात. काकाजींच्या टीव्हीत मेनूचं बटण दाबलं की काहीच उघडत नव्हतं. टीव्हीच्या काठावरची बटणं दाबली तरी हालचाल नव्हती. टीव्ही बंद करून पुन्हा चालू केला की आवाज दर वेळी दहावरच सुरू व्हायचा. या तीनपैकी एक जरी खूण दिसली तरी हॉटेल मोडचा संशय घ्या, आणि दोन दिसल्या तर खात्रीच धरा.

तरीही मी आणखी एक गोष्ट तपासली. सेट टॉप बॉक्सची वायर काढून पेनड्राइव्ह लावला आणि त्यावरचं गाणं वाजवलं. पट्टी तिथेही वीसवरच थांबली. म्हणजे दोष छत्रीचा नाही, डब्ब्याचा नाही, वायरचा नाही. टीव्हीच्या आतच आहे. ही पेनड्राइव्हची तपासणी लक्षात ठेवा, पुढेही ती कामाला येणार आहे.

आता तो मेनू उघडायचा कसा? प्रत्येक कंपनीची किल्ली वेगळी. एलजीच्या बऱ्याच टीव्हींत मेनूचं किंवा सेटिंगचं बटण सात-आठ सेकंद दाबून धरायचं. आधी नेहमीचा मेनू येतो, तो जाऊन पडद्यावर चॅनल नंबरची पट्टी दिसते, मग 1105 दाबून OK करायचं. सॅमसंगच्या जुन्या टीव्हींत टीव्ही बंद ठेवून, म्हणजे फक्त लाल दिवा असताना, MUTE, 1, 1, 9 आणि POWER अशी बटणं एकामागून एक, न थांबता दाबायची. काही मॉडेलांत टीव्ही चालू ठेवून शेवटी POWER ऐवजी ENTER लागतं. सगळ्याच मॉडेलांत हे चालेल असं नाही. दोन-तीनदा करून उघडलं नाही तर थांबा आणि टीव्हीमागे छापलेला मॉडेल नंबर मेकॅनिकला दाखवा. टीव्हीचं मूळ रिमोट असेल तर तेच वापरा. बाजारातल्या पन्नास-शंभर रुपयांच्या रिमोटवर आवाज आणि चॅनल चालतात, पण बटण दाबून धरण्याचे असे प्रकार पुष्कळदा चालत नाहीत. काकाजींच्या बाबतीत हेच झालं. त्यांच्याकडचं रिमोट दुसऱ्याच कंपनीच्या नावाचं होतं. मूळ रिमोट विकणाऱ्याकडे एका डब्यात पडलेलं होतं, ते त्यांनी मागून आणलं आणि मेनू पहिल्याच खेपेला उघडला.

मेनू उघडला की पहिलं काम म्हणजे मोबाइल काढून त्या पडद्याचा फोटो घ्या. काहीही बदलण्याआधी घ्या. कोणता आकडा आधी किती होता हे नंतर आठवत नाही, फोटोत मात्र राहतं. मग `Max Volume` किंवा `Maximum Volume` असं लिहिलेली ओळ शोधा. काकाजींच्या टीव्हीत तिथे 20 होतं. ते 100 केलं. त्यानंतर वरची हॉटेल मोडची ओळ `Off` केली. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मर्यादा वाढवायची आणि नंतर मोड बंद करायचा, कारण काही टीव्हींत मोड बंद केला की खालच्या ओळी राखाडी पडतात आणि मग त्यांना हात लावता येत नाही. शेवटी टीव्ही रिमोटने नाही, तर भिंतीवरच्या बटणाने बंद केला, मिनिटभर थांबलो आणि पुन्हा चालू केला. पट्टी वीस ओलांडून पुढे गेली तेव्हा काकाजी उठून पडद्याजवळ जाऊन पाहत राहिले. बोर्ड बदलायची गरजच नव्हती.

पुष्कळ जण म्हणतात, त्यापेक्षा सगळं रिसेट करून टाकू. नेहमीच्या मेनूमधलं रिसेट चॅनल पुसतं, वाय-फायचा पासवर्ड पुसतं, पण अनेक टीव्हींत हॉटेल मोडला ते हात लावत नाही. लॉजमधल्या पाहुण्याला कुलूप तोडता येऊ नये म्हणूनच तसं केलेलं असतं. तेव्हा रिसेट करूनही आवाज वीसवरच राहिला तर टीव्ही गेला असं समजू नका.

एका गोष्टीबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. छोट्या कंपन्यांच्या आणि जुळवणी केलेल्या स्वस्त टीव्हींमध्ये हॉटेल मोड स्वतंत्र नसतो, तो कारखान्याच्या मोठ्या मेनूत दडलेला असतो. SOURCE दाबून 2580 किंवा MENU दाबून 1147 असे आकडे मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात ते याच मेनूचे. त्यात हॉटेल मोडच्या शेजारीच पडदा कोणत्या जातीचा आहे हे सांगणाऱ्या ओळी असतात. तिथे चुकून एक जरी आकडा बदलला तर चित्र उलटं होतं, रंग विस्कटतात किंवा पडदा काळाच होतो. मग पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर पुन्हा भरावं लागतं, आणि नेमक्या त्या बोर्डाचं सॉफ्टवेअर मिळवणं हा मोठा ताप असतो. म्हणून अशा टीव्हीसाठी मेकॅनिकलाच बोलवा. पण त्याला आल्या आल्या सांगा, "पट्टी वीसवर थांबते, हॉटेल मोड आधी पहा." हे एक वाक्य तुमचे बोर्डाचे पैसे वाचवू शकतं.

त्याच मेनूत आवाजाच्या चढणीचे आकडेही असतात. पट्टी 25, 50, 75, 100 वर असताना प्रत्यक्ष आवाज किती निघावा हे ते ठरवतात. कोणी म्हणेल, हेच वाढवून देतो, टीव्ही दणाणून सोडतो. नका करू देऊ. बत्तीस इंची टीव्हीतले स्पीकर साधारण आठ-दहा वॅटचे, हातावर मावतील एवढे. त्यांच्यावर जास्त जोर टाकला की आधी शब्द फाटके येतात, मग खरखर सुरू होते आणि शेवटी आतली बारीक तार जळते. मग खरंच खर्च होतो.

आता पट्टी शंभरापर्यंत जाते पण आवाज बारीकच, ही दुसरी गोष्ट. इथे आधी सेट टॉप बॉक्सचा आवाज पहा. घरात दोन रिमोट असतात आणि दोन्हींवर आवाजाची बटणं असतात. नातवंडांनी डब्ब्याचा आवाज पाचवर आणून ठेवला, तर टीव्हीचा शंभर केला तरी त्या पाचाचाच शंभर होतो. डब्ब्याचा आवाज जवळजवळ पूर्ण, नव्वदच्या आसपास ठेवा आणि रोजचं कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करा. तरी फरक पडला नाही तर आवाजाच्या मेनूत `Auto Volume` किंवा `Night Mode` अशी ओळ चालू आहे का पहा. रात्री आवाज दाबून धरण्यासाठी ती असते, दिवसा ती बंद करा.

आणि एखाद्या टीव्हीत तुम्ही आवाज नीट केला, पण थोड्या वेळाने तो आपोआप पहिल्यासारखा होत असेल, तर टीव्ही दुकानात मांडून ठेवण्याच्या मोडमध्ये अडकला आहे. नवीन टीव्ही पहिल्यांदा लावताना घर की दुकान असं विचारतो, तिथे घाईत चुकीचं बटण दाबलं जातं. सॅमसंगमध्ये `Usage Mode` या ओळीत `Retail Mode` असेल ते `Home Mode` करायचं. बाकी कंपन्यांत शब्द वेगळे, पण `Home` हा शब्द बहुतेक ठिकाणी सापडतो.

एका बाजूने येणाऱ्या आवाजाची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते, कारण ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येते आणि इतरांना कळतही नाही. आमच्या ओळखीच्या एका आजींचा डावा कान चांगला आणि उजवा कमी ऐकणारा. त्यांची खाट अशी की चांगला डावा कान टीव्हीच्या उजव्या अंगाकडे असायचा. महिनाभर त्या म्हणत होत्या की टीव्ही ऐकू येत नाही. घरचे म्हणाले, आजीचं वय झालं. कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंही ठरलं. खरं तर टीव्हीचा उजवा स्पीकर गप्प होता. बाकीच्यांचे दोन्ही कान धड, त्यामुळे त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. आपल्याकडे टीव्हीचे स्पीकर खालच्या काठाला किंवा मागे असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो, म्हणून लांबून बाजू कळत नाही. तपासायची असेल तर टीव्हीजवळ जाऊन आधी एका खालच्या कोपऱ्याशी कान लावा, मग दुसऱ्या. बातम्या लावा, कारण बोलणाऱ्या माणसाचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखा यायला हवा. गाण्यात काही वाद्यं मुद्दाम एका बाजूला ठेवलेली असतात, त्यामुळे फसगत होते.

तिथेही मी पेनड्राइव्ह लावला. गाणंही डावीकडूनच आलं. म्हणजे डब्बा आणि वायर निर्दोष. मग आवाजाच्या मेनूत `Balance` ही ओळ काढली. आकडा होता 0. घरातला मुलगा म्हणाला, "मी मागे सगळं शून्य करून ठेवलं होतं, शून्य म्हणजे मधोमध."

त्याची चूक समजण्यासारखी होती, आणि ती कोणाचीही होऊ शकते. काही टीव्हींत बॅलन्सचं माप उणे 50 ते अधिक 50 असं असतं, त्यात शून्य हे खरंच मधोमध. काही टीव्हींत डावा 50, उजवा 50 असे दोन आकडे दिसतात. आणि काहींत माप 0 ते 100 असतं, तिथे मध्य 50 वर येतो आणि 0 म्हणजे सगळा आवाज डावीकडे. आजींच्या टीव्हीत हे तिसरं माप होतं. म्हणून आकडा वाचून ठरवू नका. ती ओळ एका टोकापर्यंत न्या, मग दुसऱ्या टोकापर्यंत न्या, दोन्ही टोकांचे आकडे पहा आणि त्यांच्या बरोबर मध्ये आणून ठेवा. आकडा 50 केला आणि उजवा स्पीकर बोलू लागला. आजींना ते वेगळं सांगावं लागलं नाही.

टोकापर्यंत नेण्याचा आणखी एक फायदा आहे. बॅलन्स पूर्ण गप्प बाजूकडे नेऊन आवाज वाढवा. त्या बाजूने आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. काहीच आलं नाही, साधी खरखरही नाही, आणि पेनड्राइव्हवरही तसंच असेल, तर स्पीकर, त्याची आतली वायर किंवा बोर्डावरचा त्या बाजूचा भाग गेला आहे. तिथे सेटिंग काही करू शकत नाही, मेकॅनिकच लागतो. टीव्हीचं मागचं झाकण मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या पॉवर बोर्डावर काही वेळ जोराचा करंट साठून असतो.

कधी कधी बॅलन्सची ओळ राखाडी दिसते आणि हलतच नाही. अशा वेळी टीव्हीचा आवाज दुसरीकडे वळवलेला असतो, साउंडबारकडे किंवा ब्लूटूथकडे. `Sound Output` मध्ये जाऊन `TV Speaker` करा, ओळ पुन्हा हलू लागेल.

पेनड्राइव्हचं गाणं दोन्ही बाजूंनी येतं, पण छत्रीवरचं चॅनल एकाच बाजूने येतं, असं असेल तर टीव्हीला सोडा आणि वायरकडे या. डीडी फ्री डिशच्या बऱ्याच डब्ब्यांना अजून पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन टोकांची वायर असते. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. टीव्हीच्या बाजूला पांढरी आणि लाल टोकं एकमेकांच्या जागी लावा. गप्प बाजू बदलली, म्हणजे आधी उजवी गप्प होती आणि आता डावी गप्प झाली, तर दोष वायरीत किंवा डब्ब्यात आहे. गप्प बाजू जागची हलली नाही तर दोष टीव्हीच्या भोकात आहे. दोष वायरीत निघाला तर दुसऱ्या घरातली वायर मागून लावून पहा. नवीन वायर आपल्याच बाजारात मिळते आणि स्वस्त असते.

वायर नवीन लावूनही एखाद्याच चॅनलवर असं होत असेल तर ते चॅनलच एका बाजूने आवाज पाठवत असतं. डब्ब्याच्या रिमोटवर `AUDIO` किंवा `L/R` लिहिलेलं बटण असतं. ते दाबत गेलं की `Left`, `Right`, `Stereo`, काहींत `Mono` असे शब्द येतात. आवाज डावीकडूनच येत असेल तर `Left` ठेवा, मग तोच आवाज दोन्ही स्पीकरना मिळतो. तिथे चुकून `Right` झालं तर त्या चॅनलचा आवाज पूर्ण जातो, आणि लोक म्हणतात चॅनल बंद पडलं.

जुना टीव्ही घ्यायचा असेल तर माझी एवढीच विनंती आहे. पैसे देण्याआधी तिथेच वीज लावून चालू करायला सांगा. आवाज शेवटपर्यंत वाढवून पट्टी कुठे थांबते ते पहा. मेनू उघडतो का पहा. बंद करून पुन्हा चालू करा. दोन्ही कोपऱ्यांना कान लावा. मूळ रिमोट मागून घ्या, आणि ते हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.